मागच्या पडवीची पन्हळ: कामाच्या नोंदी

जागा: वडोदरा, दांडिया बाजारातल्या एका जुन्या घराची मागची पडवी. छपराला नालीदार पत्रा, पुढे वळचणीला सागाची फळी. पागोळीची कड ९ मीटर २० सेंमी, पत्र्याची उतरती लांबी साडेतीन मीटर. पाणी डाव्या टोकाला उतरवून अंगणातल्या टाक्यात न्यायचे आहे. पावसाची खरी सुरुवात जूनच्या मध्यानंतर, म्हणजे हातात पाच-सहा आठवडे.

४ मे: जुनी पन्हळ उतरवली

उतरवण्याआधी ती आतून नीट पाहिली, कारण बिघाडाचा सगळा हिशेब तळाशी लिहिलेला असतो. डाव्या टोकापासून पाच-सहा मीटरवर वाळलेल्या गाळाचा थर बोटभर जाड होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तो पातळ होत गेला होता. पन्हळीच्या भिंतीवर तपकिरी रेघही होती. तिथे पाणी साचून राहत होते आणि पाऊस थांबल्यावर ते निचरून न जाता वाळत होते. म्हणजे ढाळ मधेच बसलेला.

दुसरी गोष्ट जोडांची. यूपीव्हीसीची पन्हळ, पण तिन्ही तुकडे सॉल्व्हंट सिमेंटने एकमेकांना चिकटवून नऊ मीटरची एकच अखंड कांब केली होती. उजवीकडचा जोड तळातून चिरला होता, आणि त्याच्या शेजारचे दोन ब्रॅकेट फळीतून अर्धे बाहेर आलेले. गळतीवर बाहेरून सिलिकॉनचे तीन थर मारलेले दिसले. प्रत्येक थर आधीच्या थराच्या कडेने सुटला होता. असे थर म्हणजे दर पावसाळ्याची एक भेट.

चीर का पडली याचा हिशेब सोपा आहे. यूपीव्हीसी दर मीटरला, दर अंशाला साधारण ०.०७ मिमी वाढते. थंडीतली पहाट १० अंशांची धरली आणि मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याखालची पन्हळ ५७ अंशांची, तर फरक ४७ अंशांचा. नऊ मीटरला ही वाढ जवळजवळ ३० मिमी होते. दोन्ही टोके अडलेली आणि जोड चिकटवलेले असतील तर तेवढी वाढ जाणार कुठे? ब्रॅकेट उपटणार नाहीतर जोड फुटणार.

६ मे: माप आणि सामान

छपराचे क्षेत्र ३२.२ चौरस मीटर. तासाला १०० मिमी या जोराच्या सरीचा हिशेब धरला तर मिनिटाला जवळपास ५४ लिटर पाणी येते. १५० मिमी रुंदीची अर्धगोल पन्हळ आणि ७५ मिमीचा उतरता पाइप यांना ते पेलते. त्याहून लहान पन्हळ घेण्यात काही शे रुपये वाचतात, पण पानगळीचा कचरा अडकला की तीच आधी उतू जाते.

घेतलेले सामान: तीन मीटरच्या तीन पन्हळी, रबर बसवलेले दोन जोड, एक आउटलेट, दोन एंड कॅप, १६ ब्रॅकेट, स्टेनलेस स्क्रू. आउटलेट आणि जोड हे स्क्रूने फळीला पक्के होतात, त्यामुळे तेही आधाराचेच काम करतात. उरलेले आधार ब्रॅकेटचे. दर ५० सेंमीला एक, म्हणजे प्रत्येक तुकड्यात पाच, आणि उजव्या टोकाच्या कॅपपासून १० सेंमीवर एक जादा.

दुकानात मीटरला एक ब्रॅकेट पुरतो असे सांगतात. काठोकाठ भरलेली ही पन्हळ मीटरला जवळजवळ नऊ किलो पाणी धरते, आणि उन्हाने तापलेले यूपीव्हीसी गारव्यातल्याइतके ताठ नसते. शिवाय वडोदऱ्यात छपरावर वानरे येतात. ती उडी मारताना पन्हळीच्या ओठावर पाय देणार नाहीत असे कोणी लिहून देत नाही. म्हणून ५० सेंमी.

७ मे: फळी आडवी नाही

पाण्याची लेव्हल लावली. पारदर्शक नळी, १२ मीटर, आत एकही बुडबुडा राहिलेला नाही ना हे पूर्ण नळी डोळ्यांखालून घालून पाहिले. बुडबुडा राहिला की दोन्ही टोकांच्या पाण्याच्या पातळीत फरक दिसतो आणि तो खरा वाटतो. पातळी वाचताना पाण्याचा मधला खोलगट भाग घ्यायचा, नळीला चढलेली कड नाही. दोन्ही टोके आधी एकमेकांशेजारी धरून पाणी सारखे दिसते का ते पाहिले, मगच एक टोक पलीकडे नेले.

फळीची खालची कड उजवीकडे १८ मिमी खाली निघाली. पाणी आपल्याला डावीकडे न्यायचे आहे आणि घर उजवीकडे बसले आहे. जुना मिस्त्री नक्कीच फळीच्या कडेपासून माप घेऊन ब्रॅकेट मारत गेला असणार: डावीकडे कडेपासून इतके, उजवीकडे तितके कमी. त्याने ३० मिमी ढाळ धरला असता, तरी प्रत्यक्षात १२ मिमीच उरला असता. नऊ मीटरला १२ मिमी म्हणजे ब्रॅकेट किंचित चुकला की डबके.

फळीची कड, पत्र्याची कड, विटांचा थर, यांपैकी कशापासूनही ढाळ मोजायचा नाही. फक्त पाण्यापासून.

सुरी-स्क्रूड्रायव्हरने फळी टोचून पाहिली. मधला जवळपास मीटरभर भाग मऊ लागला, जिथे जुना जोड गळत होता बरोबर तिथेच. तेवढा तुकडा कापून नवा बसवला. मऊ लाकडात स्क्रू फिरत राहतो. तो फिरला की जाड स्क्रू घालून काम निभावत नाही.

८ मे: ढाळ किती

हा निर्णय सगळ्यांत जास्त वेळ खाऊन गेला, म्हणून कारणांसकट लिहितो.

पर्याय दोन होते: नऊ मीटरला २० मिमी किंवा ३० मिमी. पाणी वाहून जायला २० मिमीही चालतो. अडचण ब्रॅकेटच्या चुकीची आहे. ३० मिमी ढाळ म्हणजे दर ५० सेंमीला पन्हळ १.७ मिमी उतरते. एखादा ब्रॅकेट दोरीपेक्षा एक मिमी खाली बसला तरी तो पुढच्या ब्रॅकेटपेक्षा वरच राहतो, पाणी पुढे जाते. पण तो ५ मिमी खाली बसला तर पुढचा ब्रॅकेट त्याच्यापेक्षा ३.३ मिमी वर येतो आणि तेवढ्या खोलीचे पाणी तिथे कायम उभे. २० मिमीच्या ढाळात ही मुभा १.१ मिमीवर येते. जुन्या फळीवर, शिडीवर उभे राहून १.१ मिमीची अचूकता सोळा ठिकाणी राखणे कोणाला जमेल असे वाटत नाही. म्हणून ३० मिमी.

त्याची किंमत डाव्या टोकाला मोजावी लागते. उजव्या टोकाला पन्हळीचा ओठ पत्र्याखाली २० मिमी ठेवला. डावीकडे पन्हळ ३० मिमी खाली जाते आणि पत्रा १८ मिमी वर आहे, म्हणजे तिथे अंतर २० + ३० + १८ = ६८ मिमी. एवढ्या उंचीवरून पडणारी पागोळी वाऱ्याने पन्हळीबाहेर जाते, आणि रिमझिम पावसात पाणी पत्र्याच्या पोटाला चिकटून मागे फळीवर ओघळते. डावीकडून साडेतीन मीटरपर्यंत हे अंतर ५० मिमीहून जास्त आहे. तेवढ्या भागात अर्ध्या मिमीच्या जस्ती पत्र्याची वाकवलेली पट्टी पत्र्याखालून पन्हळीत सोडायची ठरवली. उजवीकडे आउटलेट घेतले असते तर हे सगळे टळले असते, पण टाके डावीकडे आहे.

९ मे: दोरी आणि ब्रॅकेट

सर्वांत आधी आउटलेट बसवले, कारण सगळ्यात खालचा बिंदू तो. मग लेव्हलने त्याचीच पातळी उजव्या टोकाला नेली, खूण केली, खुणेपासून ३० मिमी वर मोजून शेवटचा ब्रॅकेट मारला. या दोघांमध्ये नायलॉनची दोरी ताणली.

नऊ मीटरची दोरी कितीही ताणली तरी मधे दोन-तीन मिमी झोळ राहतो. आपली मुभा १.७ मिमीची. म्हणून बरोबर मध्यावर पुन्हा लेव्हल लावून १५ मिमीची खूण केली आणि तिथे खिळ्यावर दोरी टेकवली. झोळ गेला. ही पायरी वगळली तर सगळे ब्रॅकेट दोरीला चिकटून बसतात आणि तरीही पन्हळ मधे खाली राहते. जुन्या पन्हळीतला गाळ मधेच का होता, याचे आणखी एक कारण हेच असू शकते.

पत्रा फळीपासून १०५ मिमी पुढे आला आहे. पन्हळ फळीला लागून बसवली तर पाणी तिच्या बाहेरच्या अर्ध्यात पडते, जोराच्या सरीत ओठावरून उडते. पत्रा कापण्यापेक्षा ब्रॅकेटमागे २५ मिमी जाडीची लाकडी पट्टी घातली. ग्राइंडरने पत्रा कापला की कडेचे जस्त जळते आणि दोन पावसाळ्यांत ती कड गंजते. पट्टीमुळे स्क्रू ६५ मिमी लांबीचे लागले.

प्रत्येक ब्रॅकेटखाली ओळंबा धरला. फळी वरच्या बाजूला आत झुकलेली असेल तर ब्रॅकेटही वळतो आणि पन्हळीचा बाहेरचा ओठ आतल्या कडेपेक्षा वर येतो. मग उतू गेलेले पाणी बाहेर न पडता घराच्या भिंतीवर येते. जिथे झुकाव होता तिथे पट्टीच्या वरच्या बाजूला पातळ चिपाटी सारून ब्रॅकेट सरळ केला. ओठ पाठीच्या कडेपेक्षा किंचित खाली असलेला बरा.

१० मे: जोडात किती जागा

सकाळी सात वाजता पन्हळीचा तुकडा मोजला, दुपारी दोनला पुन्हा मोजला. थर्मामीटरवर सकाळी २९ अंश, दुपारी ५७. तीन मीटरच्या तुकड्यात फरक जवळपास ६ मिमी. हिशेबात जे येत होते तेच फीत दाखवत होती.

जोडाच्या आत मधोमध एक आडवी उंच रेघ आहे, पन्हळीचे टोक तिथवर जाऊ शकते. दोन्ही बाजूंना रबराची पट्टी. टोक रेघेला टेकवले तर दुपारी वाढायला जागा नाही. पन्हळ फुगून ब्रॅकेटमधून उसळते. टोक फार बाहेर ठेवले तर थंडीत ते रबरावरून मागे सरकते आणि जोड उघडा पडतो. सकाळच्या २९ अंशांपासून वर ६ मिमी आणि खाली थंडीपर्यंत ४ मिमी लागणार. म्हणून सकाळी बसवताना रेघेपासून ८ मिमी अंतर ठेवले, पन्हळीवर पेन्सिलीने खूण करून.

वेळेचा मुद्दा इथे आहे. भर दुपारी बसवले तर पन्हळ आधीच सर्वांत लांब झालेली असते, वाढायला अजून जागा सोडणे चूक, कारण पुढे ती फक्त आखडणार. पहिली वळवाची सर तापलेल्या पन्हळीवर पडते तेव्हा ती काही मिनिटांत आखडते, आणि नवा जोड गळतो तो त्याच वेळी. जानेवारीच्या पहाटे बसवायची असेल तर हिशेब उलटा. छापील कागदावर एकच आकडा देतात. बसवतानाचे तापमान पाहून तो बदलायला हवा.

जोड आणि आउटलेट यांत सॉल्व्हंट सिमेंट अजिबात नाही. रबराला साबणाचे पाणी लावून पन्हळ आधी मागच्या कडेत अडकवायची आणि मग पुढचा ओठ दाबून खटका बसवायचा. तेल किंवा ग्रीस लावू नये, खनिज तेलाने रबर फुगते.

एंड कॅपचे तसे नाही. कॅप पन्हळीबरोबरच सरकते, तिच्यावर ताण येत नाही, म्हणून ती चिकटवायची. उजवीकडची कॅप पहाटे साडेसहाला लावली. उन्हात सॉल्व्हंट सिमेंटवर कॅप बसायच्या आत साय धरते आणि वरून घट्ट दिसणारी कॅप आतून सुटी राहते. दोन्ही पृष्ठभाग सुक्या फडक्याने पुसले, सिमेंट दोन्हींना लावले, कॅप दाबून अर्धा मिनिट धरली. पाणी २४ तासांनंतरच. या कॅप आणि शेजारच्या भिंतीत २५ मिमी मोकळी जागा सोडली आहे, नाहीतर सगळा हिशेब भिंतीला टेकून संपतो. डावीकडची कॅप आउटलेटच्या खोबणीत रबरावर दाबून बसते, तिला सिमेंट नाही.

तिसरा तुकडा ४ सेंमी कापावा लागला. हे पुढच्या नोंदीत कामाला येणार आहे.

१२ मे: पाण्याची चाचणी

आउटलेट आतून फडक्याच्या बोळ्याने बंद केले आणि पन्हळीत ४० लिटर पाणी ओतले. डावीकडे खोली साधारण ६० मिमी, उजवीकडे ३०. ढाळ बरोबर आहे हे पट्टी बुडवूनच कळले. सगळे जोड अशा रीतीने एकाच वेळी पाण्याखाली येतात. नळीने नुसते पाणी सोडून पाहणे पुरत नाही. वाहते पाणी तळाच्या बारीक चिरेवरून निघून जाते.

दहा मिनिटांत दुसऱ्या जोडाच्या थोडे डावीकडे एक थेंब, चार-पाच सेकंदांना एक. थेंब जिथे पडतो तिथे गळती असतेच असे नाही. पाणी पन्हळीच्या पोटाला धरून ढाळाने खाली सरकते आणि सोयीच्या ठिकाणी सुटते, तेव्हा गळती नेहमी थेंबाच्या वरच्या बाजूला शोधायची. पोट पुसून कोरडे केले, खडूची भुकटी चोळली. ओली रेघ जोडाच्या उजव्या रबरापासून निघाली.

पाणी काढून जोड उघडला. रबरावर हॅक्सॉने कापलेल्या कडेचा प्लॅस्टिकचा एक बारीक वळसा पडला होता, दोऱ्याएवढा. तिसऱ्या तुकड्याचे कापलेले टोक जोडात गेले होते आणि कारखान्यातले सफाईदार टोक कॅपकडे. चूक आमचीच. रबराला गुळगुळीत टोक लागते; कापलेले टोक चिकटवायच्या कॅपकडे जायला हवे होते. पण कॅप आता पक्की चिकटली होती, तुकडा फिरवणे शक्य नव्हते. मग कापलेली कड आतून-बाहेरून कानसेने घासली, बारीक सँडपेपरने गोल केली, रबर काढून धुतले, त्यावर ओरखडा नाही हे बोट फिरवून पाहिले आणि पुन्हा बसवले. ओरखडा असता तर रबर बदलावेच लागले असते. वर सिलिकॉन मारून चालत नाही, जोड सरकला की ते सुटते.

पुन्हा ४० लिटर, अर्धा तास. कोरडे.

बोळा काढल्यावर पाणी निचरले. तळाशी फक्त ओलावा राहिला, एका ठिकाणी हाताच्या पंज्याएवढे डबके. तो डावीकडून सातवा ब्रॅकेट. दोरीपेक्षा अडीच मिमी खाली होता. स्क्रू सैल करून उचलला. उचलताना शेजारचा ब्रॅकेट दाबून धरला, नाहीतर पन्हळीचा ताण त्याला वर ओढतो.

१४ मे: पट्टी आणि उतरता पाइप

जस्ती पट्टी डावीकडून साडेतीन मीटर, पत्र्याच्याच बोल्टांखाली धरली. तिची खालची कड पन्हळीत ५० मिमी आत येते, पण पन्हळीला कुठेही टेकत नाही. टेकली तर पन्हळीचे सरकणे अडते आणि वाऱ्यात खडखडाट होतो. उतरता पाइप आउटलेटमध्ये नुसता सरकवला आहे, चिकटवला नाही. आउटलेटच्या तोंडावर तारेची जाळी, टोपलीसारखी फुगीर. सपाट जाळीवर एक पिंपळाचे पान पुरते.

२३ जून: पहिला जोराचा पाऊस

दुपारी पन्हळ तापलेली असताना सर आली, म्हणजे जोडांची खरी परीक्षा. दोन्ही जोडांखाली वर्तमानपत्र पसरून ठेवले होते. कागद कोरडा. पेन्सिलीच्या खुणा जोडाच्या कडेपासून २ मिमी सरकलेल्या दिसल्या.

डाव्या टोकापासूनची पट्टी संपते तिथे, साडेतीन ते चार मीटरच्या मधे, वाऱ्याच्या झोताने थोडे पाणी मागे फळीवर गेले. अंतर तिथे ५० मिमीच्या आत आहे, तरी गेले. पट्टी आणखी एक मीटर वाढवायची. तोवर ऊन पडले की फळीच्या त्या भागाला जवसाच्या तेलाचा हात.